वीस कोटी कुठे घालायचे?

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की, प्रदूषणाच्या नियमांत आपण बीएस-५ चा टप्पा गाळून थेट बीएस-६ वर जाणार आणि त्याची तारीख असेल १ एप्रिल २०२०. दुचाकीच्या कार्बोरेटरचं भवितव्य त्या दिवशीच ठरलं. चार वर्षांनंतर नव्या दुचाक्यांवर फ्युएल इंजेक्शन आलं आणि कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. तो बनवणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं, पण त्यांच्या हातात निदान एक तारीख होती.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत सुटे भाग बनवणाऱ्यांकडे अशी तारीख नाही. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या दर शंभर दुचाक्यांपैकी साधारण सहा विजेवरच्या होत्या आणि त्याही बहुतेक स्कूटर. मोटारसायकल अजून जवळजवळ पूर्णपणे पेट्रोलवरच धावते. तीनचाकीत मात्र, ई-रिक्षा धरल्या तर, निम्म्याहून जास्त विक्री विजेवरच्या गाड्यांची आहे. म्हणजे एकाच कारखान्यात शेजारी शेजारी बनणाऱ्या दोन भागांचं भविष्य वेगवेगळ्या वेगाने येतंय. अशा वेळी पैसा कुठे घालायचा हे ठरवण्यासाठी व्यवस्थापनशास्त्रात एक मांडणी वापरली जाते, ‘तीन क्षितिजं’. मेहरदाद बघाई, स्टीफन कोली आणि डेव्हिड व्हाइट यांनी १९९९ साली ‘द अल्केमी ऑफ ग्रोथ’ या पुस्तकात ती मांडली. पहिल्या क्षितिजावर आज कमावणारा धंदा, दुसऱ्यावर नुकतं मूळ धरू लागलेलं काम आणि तिसऱ्यावर दूरच्या शक्यता. तिन्हींकडे एकाच वेळी लक्ष द्यायचं, एक संपल्यावर दुसरं नाही, हा तिचा गाभा.

वाचायला हे सोपं वाटतं. कारखान्याच्या हिशेबात ते कसं उतरतं आणि कुठे अडतं, हे पाहण्यासाठी एक कारखाना डोळ्यासमोर आणू. तो कुठल्या खऱ्या कंपनीचा नाही आणि आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले गोल आकडे आहेत. चाकणला गिअर आणि शाफ्ट बनवणारा, वर्षाला ४०० कोटींची विक्री असलेला, दुसऱ्या पिढीच्या हातात आलेला कारखाना. कच्चं फोर्जिंग बाहेरून येतं. हॉबिंग, शेव्हिंग, हीट ट्रीटमेंट आणि तपासणी आत होते.

या ४०० कोटींत मोटारसायकलच्या गिअरबॉक्सचा वाटा २८० कोटींचा, ट्रॅक्टरच्या गिअरचा ७०, तीनचाकीच्या गिअरबॉक्सचा ३० आणि तीनचाकीच्या डिफरन्शियलचा २० कोटींचा. व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा विक्रीच्या १३ टक्के धरला तर ५२ कोटी होतात. त्यातले १४ कोटी व्याज आणि कर्जाच्या हप्त्यांत जातात, १० करात आणि ८ जुन्या यंत्रांची बदली नि डागडुजी यांत. उरतात २० कोटी. वर्षभर ज्यावर वाद होतात ते हे वीस कोटी.

आधी वाटणी नीट करायची

पहिली चूक वाटणीतच होते. विजेवरच्या गाडीला जाणारा प्रत्येक भाग दुसऱ्या क्षितिजात टाकायचा आणि वार्षिक अहवालात ‘ईव्ही’चा आकडा फुगवायचा, असं सर्रास चालतं. आपल्या कारखान्याचं तीनचाकीचं डिफरन्शियल घ्या. डिझेल, सीएनजी किंवा वीज, गाडी कशावरही चालली तरी वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरवणारी ही जोडणी बऱ्याच रचनांत लागतेच. तेच यंत्र, तोच कारागीर, तीच तपासणी. गिऱ्हाईक विजेची रिक्षा बनवतं म्हणून ते काम नवं होत नाही. ते पहिल्या क्षितिजातच राहतं. याउलट तीनचाकीचा गिअरबॉक्स हेही आजचंच काम आहे, पण त्याची मुदत सगळ्यांत आधी संपणार आहे.

म्हणून विक्रीच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावे लागतात. इंजिन गेलं तर हा भाग राहतो का? आणि हा भाग विकायला आपल्याला नवं काय शिकावं लागेल: नवं गिऱ्हाईक, नवी प्रक्रिया की दोन्ही? काहीच शिकायचं नसेल तर ते पहिलं क्षितिज. गिऱ्हाईक समोर आहे, त्याची गरज स्पष्ट आहे, पण प्रक्रिया आपल्याला येत नाही, हे दुसरं. गिऱ्हाईकही ठरलेलं नाही आणि प्रक्रियाही येत नाही, हे तिसरं. क्षितिजाचा संबंध वर्षांपेक्षा अनिश्चिततेशी जास्त आहे. मूळ मांडणीत काळाचा भाग ठळक होता. पुढे स्टीव्ह ब्लँक यांनी त्यावर टीका केली की, आज तिसऱ्या क्षितिजावरची गोष्ट एखादा नवखा प्रतिस्पर्धी पहिल्याइतक्याच झटपट बाजारात आणू शकतो. मोबाइलच्या ॲपला हे लगेच लागू पडतं. गिअरला तेवढं नाही, कारण नमुना, चाचणी आणि मंजुरी यांत दीड-दोन वर्षं सहज जातात. तरी ‘तिसरं म्हणजे दहा वर्षांनी’ असं समजून निवांत बसू नये, एवढा इशारा गिअरवाल्यानेही घ्यावा.

मधल्या क्षितिजाचं दुखणं

आपल्या कारखान्याचं दुसरं क्षितिज आहे विजेच्या स्कूटरचे गिअर. पाच गिअरच्या मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये वेगासाठीच दातेरी चाकांच्या पाच जोड्या असतात. विजेच्या स्कूटरला बहुधा एकच वेग असतो. मोटरचा वेग चाकाच्या वेगापर्यंत उतरवायला एक-दोन जोड्या पुरतात. म्हणजे गाडीमागे नगांची संख्या घटते. वर प्रत्येक स्कूटरमध्ये त्या असतीलच असंही नाही. बजाजच्या विजेवरच्या चेतकमध्ये मोटर आणि चाक यांच्यामध्ये गिअर आहेत. टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये मोटर थेट मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवली आहे. दुसरी रचना जिंकली तर गिअरवाल्याला त्या गाडीत कामच नाही.

मग यात शिरायचं कशासाठी? कारण नग कमी झाले तरी प्रत्येक नग अवघड झाला आहे आणि जे अवघड ते करणारे थोडे. मोटारसायकलच्या गिअरचे दात हॉबिंगने कापतात, शेव्हिंगने साफ करतात आणि मग हीट ट्रीटमेंटला पाठवतात. भट्टीतून तेलात बुडवताना दात किंचित वाकडे होतात. तो वाकडेपणा आधीच गृहीत धरलेला असतो आणि जो थोडा आवाज होतो तो इंजिनच्या आवाजात बुडून जातो. स्कूटरमधून इंजिनच काढून घेतलं की तो आवाज लपायला जागा उरत नाही. म्हणून हीट ट्रीटमेंटनंतर, पोलाद कडक झाल्यावर, दात पुन्हा ग्राइंड करावे लागतात. त्याची यंत्रं मुख्यतः जर्मनी, स्वित्झर्लंड आणि जपानमधून येतात, एकेकाची किंमत कोटींत असते आणि ऑर्डर दिल्यापासून यंत्र जागेवर उभं राहायला वर्षही लागू शकतं.

यंत्र आलं म्हणजे काम आलं, असंही नसतं. पहिल्या काही महिन्यांत एक प्रकार हमखास घडतो. गिअर मोजमापात पास होतो, ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा मर्यादेत असतो आणि तरीही गिऱ्हाईकाच्या टेस्ट बेंचवर तो शिट्टी वाजवतो. आवाजाची वारंवारता तपासली तर ती दातांच्या संख्येच्या पटीत बसत नाही. दात असतात तेवीस आणि आवाज येतो जणू एकेचाळीस दात असल्यासारखा. गिअरच्या धंद्यात याला ‘घोस्ट नॉइज’ म्हणतात. दाताच्या पृष्ठभागावर मायक्रॉनपेक्षाही लहान लाटा उमटलेल्या असतात. त्यांचं मूळ यंत्राच्या एखाद्या स्पिंडलच्या कंपनात, ग्राइंडिंग व्हीलच्या ड्रेसिंगमध्ये किंवा नग पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये असतं. ते शोधायला अनुभवी माणूस, ट्रायलसाठी यंत्राचा मोकळा वेळ आणि फेकून द्यायचे नग, असं तिन्ही लागतं. दुसऱ्या क्षितिजावरच्या पैशातून खरं तर हे शिक्षण विकत घ्यायचं असतं. यंत्र हे त्याचं फक्त निमित्त.

जेफ्री मूर यांनी २००७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात नेमकं याच मधल्या क्षितिजावर बोट ठेवलं होतं. पहिलं कमावतं म्हणून त्याला मागेल ते मिळतं आणि तिसरं स्वस्त असतं म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. दुसरं मात्र पहिल्याइतकाच पैसा आणि तीच चांगली माणसं मागतं, पण अजून काही कमावत नाही. त्यामुळे हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री तिथेच लागते.

आपल्या कारखान्यात ही कात्री सोमवारच्या बैठकीत चालते. मोटारसायकलवाल्याने शेड्यूल अचानक वाढवलेलं असतं आणि शेव्हिंगच्या लाइनवर रिजेक्शन चढलेलं असतं. “साहेब, ग्राइंडिंगच्या ट्रायलवरचे दोघं पंधरा दिवस लाइनवर द्या, नाही तर गिऱ्हाईकाची लाइन थांबेल,” असं प्लँट हेड म्हणतात. त्यांचं चुकत नाही. गिऱ्हाईकाची असेंब्ली आपल्यामुळे थांबली तर दंड बसतो आणि नाव जातं ते वेगळंच. दोघं जातात, पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. ताळेबंदात यातला एक रुपयाही दिसत नाही. ग्राइंडिंगला मंजूर झालेला पैसा कागदावर तसाच असतो, फक्त नमुन्यांची तारीख पुढे गेलेली असते. दुसरं क्षितिज उपाशी मरतंय का, हे ओळखायचं असेल तर खर्चाच्या आकड्यांऐवजी दोन तारखा पाहाव्यात: पहिल्या नमुन्यांची आणि गिऱ्हाईकाकडून पीपॅप, म्हणजे उत्पादनाची औपचारिक मंजुरी, मिळण्याची. त्या तीन महिन्यांत दोनदा सरकल्या तर माणसं पळवली गेली आहेत असं खुशाल समजावं. उपाय साधाच आहे, पण कडू आहे. त्या दोघांची नावं लिहून ठेवायची आणि मालकाच्या सहीशिवाय त्यांना हलवायचं नाही.

वीस कोटींचा हिशेब

आता मागण्या पाहू. मोटारसायकलवाल्याला नव्या मॉडेलसाठी जास्त गिअर हवे आहेत, त्यासाठी १२ कोटींची नवी शेव्हिंग लाइन लागेल आणि पैसे चार वर्षांत सुटतील. ग्राइंडिंगला दोन वर्षांत २२ कोटी, म्हणजे या वर्षी ११. दूरच्या शक्यतांना दीड कोटी. बेरीज होते साडेचोवीस आणि खिशात आहेत वीस.

तिन्हींना परताव्याचा एकच निकष लावला तर निकाल आधीच ठरलेला आहे. शेव्हिंगची ऑर्डर हातात आहे, ग्राइंडिंग दोन वर्षं तोट्यात राहणार आणि तिसऱ्याचा परतावा तर मोजताच येत नाही. म्हणून निकष तीन लागतात. पहिल्याला विचारायचं, घातलेला पैसा किती दिवसांत सुटतो आणि ऑर्डर संपल्यावर या यंत्रावर दुसरं काय होईल? शेव्हिंग लाइन इथे अडखळते. पैसे चार वर्षांत सुटतील हे खरं, पण यंत्र पंधरा वर्षं जगतं आणि विजेच्या स्कूटरला लागणारी अचूकता त्याच्याकडून मिळत नाही. हॉबिंगची यंत्रं मात्र दोन्ही कामांना चालतात आणि नीट पाहिलं तर लाइनचा गळा हॉबिंगवरच आवळलेला आहे. तेव्हा ७ कोटी हॉबिंगवर घालायचे, शेव्हिंगची जुनी यंत्रं तिसऱ्या पाळीत चालवायची आणि नव्या ऑर्डरचा साधारण निम्मा भाग घ्यायचा. उरलेला दुसऱ्या व्हेंडरकडे जाईल. विक्रीखात्याला हे रुचणार नाही, पण पहिल्या क्षितिजावरचं धोरण शेवटी असल्या नकारातूनच ठरतं.

ग्राइंडिंगला विचारायचे प्रश्न वेगळे: ट्रायलमधून पास होणाऱ्या नगांचं प्रमाण दर तिमाहीला वाढतंय का, किती गिऱ्हाइकांचं ऑडिट झालं, कुणी लेखी निवड कळवली का. इथे एक पेच आहे. यंत्र नसेल तर गिऱ्हाईक ऑडिटला येत नाही आणि ऑडिटशिवाय ऑर्डर देत नाही. म्हणून पहिलं यंत्र स्वतःच्या जोखमीवर घ्यावं लागतं. ती जोखीम कमी करता येते, कारण त्याच यंत्रावर ट्रॅक्टरचे काही गिअरही ग्राइंड करता येतील. दुसरं यंत्र मात्र निदान दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची लेखी निवड हातात आल्याशिवाय घ्यायचं नाही. दोनच का, हे अलीकडच्या दोन घटना सांगतात. जून २०२३ मध्ये विजेच्या दुचाकीवरचं सरकारी अनुदान घटलं. मे महिन्यात लाखावर गेलेली विक्री जूनमध्ये निम्म्याहून खाली आली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या मॅग्नेटवर निर्यात परवान्याची अट घातली आणि भारतातल्या विजेच्या दुचाक्यांचं उत्पादन काही काळ अडखळलं. गिअरमध्ये मॅग्नेट नसतो, पण मोटरच आली नाही तर गिअरचं शेड्यूल आपोआप खाली येतं. एकाच नव्या गिऱ्हाईकावर सगळी लाइन टांगली, तर अशा महिन्यात बँकेचा हप्ता भरायला पुन्हा मोटारसायकलच्या नफ्यातच हात घालावा लागतो.

दूरच्या शक्यता: विसाराचे पैसे

राहिले दीड कोटी. आपल्या कारखान्यासमोर दोन शक्यता आहेत. एक विमानाच्या गिअरची. तिथे एएस-९१०० प्रमाणपत्र लागतं, हीट ट्रीटमेंटला नॅडकॅपसारखी वेगळी मान्यता लागते आणि पहिला नग मंजूर होऊन नियमित ऑर्डर यायला वर्षं जातात. दुसरी औद्योगिक रोबोच्या सांध्यात बसणाऱ्या रिड्यूसरची. त्यात जपानी कंपन्यांचा जुना दबदबा आहे. पण गिअर अचूक ग्राइंड करणं इथेही लागतं, म्हणजे दुसऱ्या क्षितिजावर शिकलेलं तिसऱ्यावर कामी येऊ शकतं. बॅटरीचा पॅक किंवा चार्जर अशी शक्यता निवडली असती तर हा दुवा मिळाला नसता.

हे पैसे जमिनीच्या व्यवहारातल्या विसारासारखे आहेत. विसार देऊन आपण जमीन घेत नाही, ठरावीक मुदतीपर्यंत ती घ्यायची की नाही हे ठरवायचा हक्क तेवढा मिळतो. कागदात दोष निघाला तर विसार सोडून द्यायचा. म्हणून या दीड कोटीतून कमाई किती झाली हे विचारूच नये. कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ते विचारावं. उदाहरणार्थ, ‘आपला रिड्यूसर पूर्ण भाराखाली ठरलेले तास चालला आणि त्याची अचूकता टिकली का?’ वर्षाअखेर उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा हप्ता, ‘नाही’ आलं तर बंद. सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे ‘अजून बघतोय’. ते दोन वर्षं लागोपाठ आलं तर ती शक्यता उरलेली नसते, कुणाचा तरी छंद झालेला असतो.

वाटणी झाली: ७, ११ आणि दीड. अर्धा कोटी हाताशी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ७०-२०-१० हे प्रमाण वारंवार भेटतं. बनसी नागजी आणि जेफ टफ यांच्या २०१२ च्या लेखाने ते बरंच पसरवलं. पण सगळ्यांना तेच लागू पडेल, असं त्यांनीही म्हटलं नव्हतं. आपल्या वीस कोटींत पहिल्याला जेमतेम तिसरा हिस्सा आणि दुसऱ्याला निम्म्याहून जास्त गेला, हे त्या प्रमाणाच्या अगदी उलट दिसतं. त्यात जुन्या यंत्रांवरचे ८ कोटी मिळवले तर पहिल्याचा वाटा निम्म्याच्या वर जातो. माणसांचे तास मोजले तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरेल. त्यामुळे प्रमाणावर भांडण्याआधी पैसे मोजतोय की माणसांचे तास, हे ठरवून घेतलेलं बरं.

या मांडणीला एक मर्यादा आहे. हबमधली मोटर जिंकेल की गिअरची, हे ती सांगत नाही. पैज चुकीची लागू शकते. तिचा उपयोग एवढाच की, चुकीचा निकष लावून बरं काम मारलं जात नाही आणि निकषच न लावता वाईट काम पोसलं जात नाही. त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद एका पानाचा असतो आणि तो एप्रिलमध्ये, पैसा सुटण्याआधी लिहायचा असतो. प्रत्येक कामासमोर एकच ओळ: काय घडलं, किंवा कोणत्या तारखेपर्यंत काय घडलं नाही, तर हे काम थांबवायचं. शेव्हिंगच्या जुन्या यंत्रांसमोरही ती ओळ हवी, कारण कधी थांबायचं हा प्रश्न फक्त नव्या कामालाच विचारायची आपल्याला सवय आहे. मार्चमध्ये ही ओळ लिहायला बसलं, तर ज्याने ते काम सुरू केलं तोच ती लिहितो, आणि मग कुठलंच काम कधी थांबत नाही.